उ: फोन सारखा चुकीच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला जातो

> "इअरबड्स कानात आहेत तरी गाणं हॉलमधल्या स्पीकरवर वाजतं, जुनी सगळी नावं उडवू का?"

सरसकट नको उडवू, कारण मग गाडी, घड्याळ सगळंच परत पेअर करत बसावं लागेल. आणि बऱ्याचदा फोन स्पीकरला शोधतच नसतो, स्पीकर चालू झाला की तोच आपल्या मेमरीतल्या शेवटच्या फोनला हाक मारतो, म्हणजे घरात कुणीतरी बटण दाबलं की तुझं गाणं तिकडे पळालं!

अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जा, नावापुढचं गिअरचं चिन्ह दाब, तिथे Forget किंवा Unpair असेल (कंपनीप्रमाणे शब्द बदलतो). एकसारखी दोन-तीन नावं असतील तर अंदाजाने उडवू नकोस, एकच वस्तू चालू ठेव आणि कुठल्या नावाखाली Connected येतं ते बघ, तीच ती.

तो स्पीकर कधीमधी लागत असेल तर Forget करूच नको, त्याच गिअरमध्ये Media audio आणि असेल तर Phone calls बंद करून ठेव, पेअरिंग राहतं पण आवाज तिकडे जात नाही, हवं तेव्हा परत चालू कर. मला तरी हेच जास्त सोयीचं वाटतं.

Forget केल्यावर स्पीकरच्या मेमरीत तुझा फोन राहतोच बरं का, पण फोन त्याला विसरलेला असतो, त्यामुळे पुढे कधी नुसता चालू करून जोडला जाणार नाही, त्याला आधी पेअरिंग मोडवर घ्यावं लागेल आणि तरी अडला तर रीसेट.