व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम बरेच मेसेज निवडताना पर्याय का बदलतात? मदत हवी आहे

सोसायटीची_सचिव
सोसायटीच्या ग्रुपवर टाकी दुरुस्तीवर भरपूर चर्चा झाली. त्यातले कामाचे मेसेज कमिटीच्या आठ जणांना पाठवायचेत. शिवाय आज सकाळी मी चुकीचे दर टाकलेत, ते सगळ्यांकडून उडवायचेत. पण माझे तीन मेसेज आणि त्यावरचं शिंदेकाकांचं उत्तर एकत्र निवडलं की `Delete for everyone` येतच नाही, फक्त `Delete for me` दिसतं. ग्रुपची अ‍ॅडमिन मी नाही. अँड्रॉइड फोन आहे.

सातारकर
एका वेळी पाचच मेसेज फॉरवर्ड होतात. पाच-पाचचे गठ्ठे करा.

मंदार
सातारकर, पाचची मर्यादा मेसेजला नाही, चॅटला आहे. मेसेज पाचाहून जास्त निवडता येतात, पाठवता येतात एका वेळी पाच चॅटना. म्हणजे आठ जणांसाठी दोन खेपा. त्यापेक्षा कमिटीचा वेगळा ग्रुप असेल तर एकदाच टाका. मात्र दुहेरी बाण असलेले, खूप फिरलेले मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातात.

सचिवताई, काकांचं उत्तर निवडीतून काढा. दुसऱ्याचा एक मेसेज जरी असला तरी सगळ्या निवडीला फक्त `Delete for me` मिळतं. स्वतःचा जुना मेसेज असला तरी तेच; मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त असते. आणि घाईत `Delete for me` दाबू नका: मेसेज तुमच्याच फोनवरून जातील, बाकीच्यांकडे राहतील. दाबलंच तर खाली काही सेकंद `Undo` दिसतं, तेवढ्यात पकडा. काकांचं उत्तर अ‍ॅडमिनला सांगून काढून घ्या.

सोसायटीची_सचिव
काका वगळले, लगेच पर्याय आला! पण फॉरवर्ड केल्यावर कोण काय म्हणालं तेच कळत नाहीये.

मंदार
फॉरवर्डमध्ये मूळ माणसाचं नाव जातच नाही. दराच्या भांडणात नाव हवंच, त्यामुळे कॉपी करा. दोन किंवा जास्त मेसेज निवडून कॉपी केले की पेस्ट असं होतं:

```
[14/06, 9:12 pm] शिंदेकाका: वॉटरप्रूफिंग धरून सांगा
[14/06, 9:15 pm] जोशी: दोन कोटेशन मागवू
```

एकच मेसेज कॉपी केला तर नाव-वेळ नसते, नुसता मजकूर. कोटेशनचे फोटो कॉपीत येणार नाहीत, ते वेगळे फॉरवर्ड करा.

आजोबा_ठाणेकर
मी महत्त्वाच्या मेसेजना स्टार देतो. पण नातवाचा एक स्टारवाला मेसेज मी चुकून डिलीट केला, तर तो स्टारच्या यादीतूनही गेला. असं कसं?

मंदार
आजोबा, स्टार म्हणजे फक्त खूण, वेगळी प्रत नाही. मेसेज गेला की खूणही गेली.

रेवा
आयफोनवर मेसेज दाबून धरते, `Forward` निवडते, मग बाकीच्यांवर टिक करते. तिथे मला कॉपी सापडतच नाही. कोणाकडे दिसतंय का?

सातारकर
माझ्याकडे आयफोन नाही. पण पाचचा नियम मी कुठेतरी नक्की वाचला होता.