रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये: सगळं एकदम स्विच करू की टप्प्याटप्प्याने?

एका फ्लेक्सी कॅप फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये सहा वर्षं दरमहा १०,००० ची एसआयपी केली. ७.२ लाख गुंतवले, आज ११.५ लाख आहेत. खर्चाचं प्रमाण रेग्युलरमध्ये १.७ टक्के, डायरेक्टमध्ये ०.६. हा खर्च रोजच्या एनएव्हीतूनच वजा होतो, स्टेटमेंटवर त्याची वेगळी ओळ नसते, म्हणून इतकी वर्षं लक्षातच आलं नाही. फरक १.१ टक्क्यांचा, पण तो पूर्ण रकमेवर लागतो: वर्षाला साधारण १२,६५० रुपये!

नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करून चौदा महिने झाले. जुनी तेव्हाच बंद केली, त्यामुळे जुन्या सगळ्या युनिट्सना वर्ष उलटलंय आणि एक्झिट लोड लागणार नाही. मात्र स्विच म्हणजे विक्रीच धरतात. ४.३ लाखांचा नफा एकदम घेतला तर १.२५ लाखांच्या सवलतीनंतर उरलेल्या ३.०५ लाखांवर १२.५ टक्क्यांनी ३८,१२५ रुपये कर, वर सेस.

म्हणून मार्चमध्ये १.२५ लाख नफ्याएवढी युनिट्स आणि एप्रिलमध्ये पुन्हा तेवढीच हलवायचा विचार आहे. जुनी युनिट्स आधी विकली जातात आणि त्यांच्यात नफा जास्त, म्हणून त्यानंतरही अंदाजे ६ लाख रेग्युलरमध्ये राहतील, त्यात नफा १.८ लाख.

दुसरा भांडवली नफा नाही, पैसे पाच-सात वर्षं लागणार नाहीत.

या उरलेल्या भागासाठी पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांबलो तर ६,६०० जादा खर्च, पण सवलतीने १५,६२५ कर वाचतो. हा हिशोब बरोबर आहे का, की थांबण्याच्या काळात वाढणारा नफा धरला तर लगेच कर भरून मोकळं होणं फायद्याचं ठरेल?