उत्तर: वासाला छान, घशाखाली गेल्यावर उंदीर

> 'ठाण्यात मित्राकडे नॅचरल व्हाइट वाइन उघडली. वास मस्त, पण गिळल्यावर तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखं काहीतरी. ही स्टाइल का?'

नाही, ही खराबी आहे. इंग्रजीत 'माउसी' म्हणतात ती हीच. ग्लासात वास येत नाही, कारण वाइनच्या आंबटपणात हा वास देणारी द्रव्यं उडत नाहीत. तोंडात लाळेनं आंबटपणा उतरला की दहा-वीस सेकंदांनी मागून चव चढते. व्हिनेगरचं उलट असतं, ते आधी नाकालाच झोंबतं.

खात्रीसाठी चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खायचा सोडा घाला. फेस बसला की हुंगा. मघाशी नसलेला वास आता आला, तर हेच. गंमत म्हणजे यातलं एक द्रव्य आंबेमोहोराच्या सुवासाचंच आहे, म्हणून कुणाला भात आठवतो, कुणाला पिंजरा. काहींना तर काहीच लागत नाही, तेव्हा मित्राशी भांडू नका.

बॅक्टेरिया किंवा ब्रेट नावाचं यीस्ट हे करतं. वाइन टिकवणारं सल्फाइट न घातलेल्या, कमी आंबट वाइनला धोका जास्त. बाटली उघडी राहिली की हवेनं वाढतं, त्यामुळे पहिला ग्लास बरा आणि शेवटचा असह्य असं होतं.

हवा लागून होणाऱ्या ऑक्सिडेशनचा प्रश्न मात्र खरंच स्टाइलचा असू शकतो. ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनमध्ये अक्रोडाचा वास मुद्दाम आणलेला असतो. तोच शेनिन ब्लांसारख्या ताज्या व्हाइट वाइनमध्ये, कापून ठेवलेल्या सफरचंदासारख्या वासासकट आणि रंग तपकिरी झालेला, तर बाटली गेली समजा. माउसीला अशी कुठलीच सवलत नाही. दुकानदार 'नॅचरल अशीच असते' म्हणाला तरी बदलून मागा.