स्क्रीनशॉटवरून सरासरी प्रतिसादवेळ काढावी का?

सातपूर_समन्वयक

सातपूरच्या आमच्या कारखान्यातील यंत्रांच्या नियंत्रण-प्रणालीची देखभाल बाहेरच्या एका पुरवठादाराकडे आहे. प्रत्येक तक्रारीला एका तासाच्या आत पहिला प्रतिसाद देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. मंगळवारी दुपारी १२:३० ला घेतलेल्या तिकिटांच्या रांगेच्या स्क्रीनशॉटवरून सरासरी प्रतिसादवेळ आणि मुदतभंगांची संख्या काढून द्या, असे वरिष्ठांनी सांगितले आहे. पुरवठादाराची कामाची वेळ ९:३० ते १८:३० आहे. एवढ्या चित्रावरून आकडे द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणते? नोंदी अशा आहेत (तक्रार, मग पहिला प्रतिसाद):

३१: सोमवार १८:१०, मंगळवार ९:५०
३२: ९:३५, ९:५५
३३: ९:५०, १०:३०
३४: १०:०५, ११:२०
३५: १०:४०, ११:०५
३६: १०:५०, प्रतिसाद नाही
३७: १२:००, प्रतिसाद नाही

गंगापूर_रोड

आकडे अवश्य द्यावेत, कारण हिशेब सरळ आहे. ३१ क्रमांकाच्या तिकिटात रात्रीचे तास धरू नयेत. सोमवारी १८:३० पर्यंतची २० मिनिटे आणि मंगळवारी ९:३० नंतरची २० मिनिटे मिळून ती प्रतीक्षा ४० मिनिटांचीच होते. बाकीच्या चार तिकिटांची २०, ४०, ७५ आणि २५ मिनिटे आहेत. एकूण २०० मिनिटांना पाचाने भागले की सरासरी ४० मिनिटे येते. मुदत एकदाच, ३४ क्रमांकाला मोडली, म्हणजे पाचात एक, २० टक्के. ज्यांना प्रतिसादच मिळालेला नाही, त्यांची प्रतिसादवेळ अजून अस्तित्वात नाही, म्हणून ती तिकिटे या हिशेबात येत नाहीत.

पाथर्डी_फाटा

रात्रीचे तास वगळण्याची तुमची रीत योग्य आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ३६ क्रमांकाचे तिकीट १०:५० ला आले, म्हणजे त्याची मुदत ११:५० ला संपली आणि स्क्रीनशॉट घेतला तेव्हा ते १०० मिनिटे उत्तराविना पडून होते. त्याला प्रतिसाद केव्हाही मिळो, मुदत मोडली आहे हे आजच ठरलेले आहे. ३७ ची गोष्ट निराळी आहे. त्याची ३० मिनिटेच झाली आहेत आणि १३:०० पर्यंत त्याचा निकाल लागत नाही. म्हणून निकाल लागलेली तिकिटे सहा, त्यांत मुदतभंग दोन आणि एक अनिर्णित, असेच लिहावे लागेल. केवळ उत्तर मिळालेली तिकिटे मोजली, तर ज्याच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष झाले तेच तिकीट अहवालातून गळते आणि पुरवठादार जितका जास्त थांबेल तितका त्याचा आकडा चांगला दिसतो. असा हिशेब आपण मान्य करता कामा नये.

सिन्नरहून

आमच्याकडेही असेच झाले होते. आमच्या पुरवठादाराने पंधरा मिनिटांत उत्तर दिले, पण यंत्र तिसऱ्या दिवशी चालू झाले आणि तोवर एक अख्खी ऑर्डर हातची गेली. ताई, तुम्ही सरासरी काढणार असाल तर तक्रार सुटेपर्यंतचीच काढा. आधी कोणी काय लिहिले, याने कारखान्याला काय फरक पडतो?

पाथर्डी_फाटा

तुमचे नुकसान खरे आहे, परंतु ते निवारणाच्या वेळेचे आहे आणि येथे ती माहितीच नाही, कारण स्क्रीनशॉटमध्ये तिकीट बंद झाल्याची वेळ दिसत नाही. मात्र तुमच्या मुद्द्यावरून एक गोष्ट तपासावीशी वाटते. काही प्रणालींमध्ये 'आपली तक्रार नोंदवली आहे' असे आपोआप जाणारे पत्रच पहिला प्रतिसाद म्हणून नोंदले जाते. तसे येथे असते, तर सातही ओळींत उत्तराची वेळ तक्रारीच्या मिनिटालाच दिसली असती. येथे वीस ते पंच्याहत्तर मिनिटांचा फरक आहे आणि दोन रकाने रिकामे आहेत, त्यामुळे ही उत्तरे माणसांनीच दिलेली दिसतात.

इंदिरानगर_लेखा

मग उत्तर न मिळालेल्या तिकिटांची आतापर्यंतची मिनिटेही बेरजेत घ्यावीत. २०० अधिक १०० अधिक ३० म्हणजे ३३०, भागिले सात, सुमारे ४७ मिनिटे. ही खरी सरासरी.

पाथर्डी_फाटा

बेरीज बरोबर आहे, पण तिला सरासरी म्हणू नये. ३६ आणि ३७ यांची घड्याळे अजून चालू आहेत, त्यामुळे या सात तिकिटांची अंतिम सरासरी ४७ पेक्षा कमी येऊ शकत नाही, एवढेच हा आकडा सांगतो. ३६ ला सायंकाळी १८:०० वाजता उत्तर मिळाले, तर त्या एकट्याची प्रतीक्षा ४३० मिनिटांची होईल आणि सरासरी ९४ च्या पुढे जाईल. अहवालात 'किमान ४७ मिनिटे' असे शब्द हवेत.

ताईंना मी मध्यक देण्याचा सल्ला देईन. सात वेळा चढत्या क्रमाने मांडल्या तर चौथी वेळ ४० मिनिटांची येते, आणि ३६ व ३७ ला उत्तर केव्हाही मिळाले तरी ती बदलत नाही, कारण ३६ शेवटच्या दोघांत राहणार हे नक्की आहे आणि ३७ ची प्रतीक्षा तीस मिनिटांवर थांबली काय किंवा वाढत गेली काय, चौथ्या जागी ४० च येते. दुपारी साडेबारालाच ठरलेला हा एक आकडा आहे.

गंगापूर_रोड

३६ क्रमांकाबद्दल तुमचे म्हणणे मला पटले. मात्र मध्यक ४० सांगितला, तर १०० मिनिटे ताटकळलेल्या कारखान्याला त्याचा पत्ताच लागणार नाही. दंडाचा प्रश्न असेल तर मध्यक निरुपयोगी आहे, कारण करार प्रत्येक तिकिटाबद्दल बोलतो.

पाथर्डी_फाटा

दंडासाठी मुदतभंगांची यादीच द्यावी, यात दुमत नाही. मला काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. हा स्क्रीनशॉट रांगेचा आहे, आणि रांगेच्या पडद्यावर बहुधा उघडी तिकिटेच दिसतात. सकाळी दहा मिनिटांत उत्तर मिळून बंद झालेली तिकिटे त्यात नसतीलच. तसे असेल, तर ४० असो वा ४७, तो त्या क्षणी रांगेत उरलेल्यांचा आकडा आहे, पुरवठादाराच्या दिवसाचा नाही, आणि पुरवठादाराने तसा आक्षेप घेतला तर तो रास्त ठरेल. वरच्या बाजूला गाळणीत 'उघडी' निवडले आहे का, आणि तिकीट क्रमांकांत मध्ये खंड आहे का, हे पाहावे. ३१ ते ३७ सलग आहेत ही चांगली खूण आहे. मात्र ३१ च्या आधीचे आणि पडद्याखाली राहिलेले काय, ते चित्र सांगत नाही. मुदतभंगाचे तसे नाही. ३४ आणि ३६ यांनी मुदत मोडली, हे बाकीची तिकिटे दिसोत वा न दिसोत, खरेच राहते.

सातपूर_समन्वयक

गाळणीत 'सर्व' निवडलेले आहे, मी आत्ताच पाहिले. मात्र करार पुन्हा वाचला तेव्हा त्यात फक्त 'एका तासाच्या आत' असे आढळले. कामाच्या वेळेचा उल्लेख पुरवठादाराच्या माहितीपत्रकात आहे, करारात नाही.

इंदिरानगर_लेखा

मग घड्याळाचेच तास धरावे लागतील. ३१ क्रमांकाची प्रतीक्षा ९४० मिनिटांची होते, उत्तर मिळालेल्या पाचांची सरासरी २२० मिनिटांवर जाते आणि निकाल लागलेल्या सहांपैकी तीन मुदतभंग ठरतात. करारात जे लिहिले आहे तेच लागू होते.

गंगापूर_रोड

रात्री बंद असलेल्या कार्यालयाकडून एका तासात उत्तर अपेक्षित होते, असे दोन्ही बाजूंनी करार करताना खरोखर मानले होते का? मला ते अन्याय्य वाटते.

पाथर्डी_फाटा

हा वाद आकडेमोडीने मिटणार नाही. ताई, वरिष्ठांना दोन्ही हिशेब द्या. कामाच्या तासांनी मुदतभंग दोन, घड्याळाच्या तासांनी तीन, आणि दोन्हींत ३७ अनिर्णित. ३१ क्रमांकाचे काय करायचे, हे पुरवठादाराशी बोलून लेखी ठरवून घ्या, आणि तोवर एकही सरासरी सहीनिशी पाठवू नका.