शब्दचर्चा: 'स्वमूल्य' चालेल का, आणि 'दिशा बदलत नाही' हे खरं का?

शाईची बाटली
डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहून देतेय. आयगेनव्हॅल्यूला 'स्वमूल्य' आणि आयगेनव्हेक्टरला 'स्वसदिश' असे शब्द घेतलेत. वाक्य असं केलंय: 'मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्या सदिशाची दिशा बदलत नाही, फक्त लांबी बदलते, तो स्वसदिश, आणि लांबी जितक्या पट होते ते स्वमूल्य.' शब्द आणि वाक्य, दोन्हींवर मत द्या.

बारा गावचं पाणी
शब्दच चुकलाय. आयगेन हे आडनाव आहे. मानफ्रेड आयगेन, जर्मन रसायनशास्त्रज्ञ, नोबेलवाले. न्यूटनचं भाषांतर करता का?

उभी रेघ
नोबेलवाले खरे, १९६७ चं. पण ते जन्मले १९२७ साली, आणि डेव्हिड हिल्बर्टने १९०४ मध्येच 'आयगेनवेर्ट' वापरला होता. जर्मनमध्ये 'आयगेन' म्हणजे स्वतःचा, आपला असा. तेव्हा 'स्व' अगदी चपखल बसतो.

माझी हरकत वाक्यावर आहे. वरची ओळ ०, १ आणि खालची १, ० असा मॅट्रिक्स घ्या. तो x आणि y ची अदलाबदल करतो, म्हणजे y = x ही रेषा आरसा धरून प्रतिबिंब पाडतो. (१, १) जागचा हलत नाही, त्याचं मूल्य १. (१, −१) मात्र (−१, १) होतो. लांबी तीच, बाण बरोब्बर उलटा. त्याचं मूल्य −१ आणि तोही पक्का स्वसदिश. तुमच्या वाक्याप्रमाणे तो बाद होईल, कारण त्याची दिशा बदलली. शिवाय 'लांबी जितक्या पट' म्हटलं की ऋण मूल्याला जागाच उरत नाही. 'दिशा बदलत नाही' ऐवजी 'आपली रेषा सोडत नाही' म्हणा.

पूलवाला
आम्ही साइटवरची माणसं याला प्रिन्सिपल स्ट्रेस म्हणतो. प्लेटमधल्या एका बिंदूपाशी आडवा ताण ५०, उभा १०, शियर १५ मेगापास्कल. मोहर्स सर्कल काढलं की केंद्र ३०, त्रिज्या २५, म्हणून प्रिन्सिपल स्ट्रेस ५५ आणि ५. आडव्यापासून साधारण साडेअठरा अंशांवर ५५ वाला, आणि त्याला काटकोनात ५ वाला. त्या दोन दिशांना शियर शून्य. हेच ते स्वसदिश. तेव्हा वाक्यात 'एकमेकांना काटकोनात असलेल्या दिशा' हेही घाला, मुलांना चित्र दिसेल.

उभी रेघ
पूलवाले, तुमचं उदाहरण झकास आहे, पण काटकोन घालू नका. तुमच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाच्या दोन्ही बाजूंना तोच १५ आहे, म्हणून काटकोन मिळाला. ती सममिती मोडली की काटकोनाची हमी जाते. हा बघा:

```
A = | 4  1 |
    | 2  3 |
```

(१, ०) ला गुणलं तर (४, २) येतो. तो आडव्या अक्षावरून वर उचलला गेला, म्हणजे स्वसदिश नाही. (१, १) ला गुणलं तर (५, ५), त्याच रेषेवर पाचपट. (१, −२) ला गुणलं तर (२, −४), तोही आपल्या रेषेवर, दुप्पट. या दोन रेषांमधला कोन सुमारे ७२ अंश भरतो.

आता हे सापडतात कसे? Av = λv हवं, म्हणजे (A − λI)v = ०. एखादा शून्य नसलेला v थेट शून्यावर जाऊन पडायचा, तर A − λI ने अख्खं प्रतल चेपून एका रेषेवर (किंवा बिंदूवर) आणलेलं असायला हवं. चेपलं की क्षेत्रफळ गेलं, आणि क्षेत्रफळ किती पट होतं ते निश्चयक सांगतो. म्हणून निश्चयक शून्य ठेवायचा. कर्णावरच्या दोघांतूनच λ वजा करा, चौघांतून नाही:

(४ − λ)(३ − λ) − २ = ०
λ² − ७λ + १० = ०

मुळे ५ आणि २. मग λ = ५ घातला की −x + y = ० आणि २x − २y = ०. दोन्ही समीकरणं एकच आहेत, x = y, झाला (१, १). दोन समीकरणं अशी एकमेकांची पट निघायलाच हवीत. त्यांतून x = ० आणि y = ० एवढंच हाती आलं तर समजा, λ चुकलाय.

सेम_तीन
मी वरची ओळ निम्मी करून खालच्या ओळीतून वजा केली. खालची ओळ ०, २.५ झाली. त्रिकोणी मॅट्रिक्सची मूल्यं कर्णावरच असतात असं सरांनी सांगितलंय, म्हणजे ४ आणि २.५. गुणाकार पण १० येतो, जुळलं की. मग ५ आणि २ कसे?

उभी रेघ
सरांचं बरोबर आहे, पण मुळातच त्रिकोणी असलेल्या मॅट्रिक्सपुरतं. ओळीतून ओळ वजा केलीत की मॅट्रिक्स दुसराच झाला. त्याचा निश्चयक तोच राहतो म्हणून गुणाकार जुळला. मूल्यं त्याची स्वतःची आली, A ची नाहीत. बेरीज करून बघा. A च्या कर्णावर ४ आणि ३, बेरीज ७. तुमची येते साडेसहा. मूल्यांची बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी आणि गुणाकार निश्चयकाइतका, दोन्ही तपासा. ओळींची उलटापालट करायची ती λ वजा करून झाल्यावर, v शोधताना.

सेम_तीन
ओके. पेपरात असंच लिहिलं होतं :(

शाईची बाटली
नवं वाक्य: 'शून्य नसलेला जो सदिश मॅट्रिक्सने गुणल्यावर आपली रेषा सोडत नाही तो स्वसदिश, आणि ज्या संख्येने तो गुणला जातो ते स्वमूल्य, ही संख्या ऋण असेल तर सदिश उलटा होतो.' स्वमूल्य शून्य आलं तर?

उभी रेघ
मूल्य शून्य चालतं. सदिश चेपून शून्यावर येतो एवढंच. सदिशच शून्य घेतलेला मात्र चालत नाही, कारण मग कुठलीही संख्या त्याला बसेल. वाक्य चांगलं आहे.

बारा गावचं पाणी
आडनावाचं सोडा, मान्य. तरी 'स्वमूल्य' वाचलं की मला स्वाभिमानाचा लेख वाटतो. 'आयगेनमूल्य' ठेवा, पोरांना पुढे इंग्रजी पुस्तकंच वाचायचीत.

पूलवाला
मला दोन्ही चालतील. पण काटकोनात फिरवणारा मॅट्रिक्स घेतला तर? वरची ओळ ०, −१, खालची १, ०. तिथे कुठलीच रेषा जागेवर राहत नाही.

उभी रेघ
नाहीच राहत. समीकरण λ² + १ = ० येतं, वास्तव मुळं नाहीत, आणि चित्रही तेच सांगतं. संमिश्र संख्या घेतल्या तर i आणि −i मिळतात, पण त्यांच्या सदिशांची रेषा कागदावर काढता येत नाही. तिथे माझं 'रेषा सोडत नाही' लंगडं पडतं, हे कबूल.

शाईची बाटली
वरची ओळ १, १ आणि खालची ०, १ यात मला λ = १ दोनदा आला, पण रेषा एकच, आडवी. दुसरा सदिश सापडत नाही. असल्या मॅट्रिक्सला मराठीत काय म्हणायचं? 'सदोष' लिहिलंय, पण मुलांना वाटेल गणितच चुकलं.

बारा गावचं पाणी
'अपुरा' म्हणा.

पूलवाला
'तुटका' बरा.