अनुभव धागा : एका उपकरणाने अख्ख्या घराचं नेट पाडलं

सुपारीबाग, गुहागर

घरातली एकच वस्तू बिघडते आणि सगळ्या घराचं नेट बसतं, असं तुमच्याकडे झालं असेल तर इथे सविस्तर लिहा. वस्तू कोणती होती यापेक्षा ती कशी सापडली ते जास्त उपयोगाचं आहे. सुरुवात माझ्यापासून.

आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. फायबरचा राउटर पडवीत, तिथून एक वायर माजघरातल्या आठ पोर्टच्या स्विचला, आणि स्विचमधून खोल्यांतले टीव्ही, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि ऑफिसचा कॉम्प्युटर. रात्री जेवणं आटोपली की नेट बंद. मोबाइलवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसायच्या, पण काहीच उघडायचं नाही. सकाळी आपोआप सुरू. कंपनीच्या माणसाने राउटर बदलून दिला, तरी तेच.

माझ्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, नेट गेलं की राउटर बंद-चालू करू नकोस. ते बंद असतानाच शोधायचं." मग लॅपटॉप वायफायवर ठेवून हे सुरू केलं:

```
ping -t 192.168.1.1
```

म्हणजे बाहेरचं नेट सोडाच, घरातला राउटर तरी उत्तर देतो का ते बघायचं. ओळीमागून ओळ `Request timed out.` येत होती. राउटरमधून स्विचकडे जाणारी वायर काढली आणि लगेच उत्तरं सुरू झाली. म्हणजे राउटर ठीक, भानगड स्विचच्या पलीकडे. ती वायर परत लावली, पुन्हा बंद. मग स्विचवरची एकेक वायर काढत गेले. काढलेली परत लावायची नाही, थोडं थांबून पडद्याकडे बघायचं आणि पुढची काढायची. डीव्हीआर काढला, काही नाही. कॉम्प्युटर काढला, काही नाही. समुद्राकडच्या खोलीतल्या टीव्हीची वायर काढली आणि `Reply from 192.168.1.1` सुरू! बाकीच्या सगळ्या वायरी परत लावल्या, तरी सुरूच. टीव्हीला दुसरी वायर आणि दुसरा पोर्ट दिला, तर पुन्हा सगळं ठप्प. म्हणजे वायरही निर्दोष आणि पोर्टही. टीव्ही त्या वेळी रिमोटने बंद केलेला होता. पाहुणे झोपायला गेले की नेट का जायचं, ते तेव्हा कळलं.

माडाखाली, मालवण

आमच्या वाडीत पाऊस इलो की नेट जाता. राउटरवर लाल दिवो लागता आणि दोन-दोन दिवस कोण येणा नाय. आता घरातली एक एक वस्तू काढून बघूक व्हयी काय?

सुपारीबाग, गुहागर

नको दादा, तुमचा त्रास वेगळा आहे. लाल दिवा म्हणजे बाहेरून येणारी फायबरच तुटली किंवा कुठेतरी दबली. घरात काहीही उपटलंत तरी फरक पडणार नाही. आमच्याकडे दिवे सगळे हिरवे होते आणि राउटरचं स्वतःचं पानसुद्धा उघडत नव्हतं.

खाडीकाठ, दाभोळ

ताई, हे खाऱ्या हवेचं काम. आरजे-४५ च्या पिना हिरव्या पडतात. माझ्या घरी तीन वर्षांत सगळ्या जॅकचं तेच झालं. जॅक कापून नवे क्रिम्प करा, टीव्हीला दोष देऊ नका.

केबलवाला, रत्नागिरी

खाडीकाठ, पिना हिरव्या पडतात हे शंभर टक्के खरं, मीही रोज बघतो. पण पिन खराब झाली की त्या एकाच वस्तूचं नेट जातं किंवा रांगतं. बाकीच्या घराला सहसा काही होत नाही. शिवाय ताईंनी वायर बदलूनही पाहिली.

हे प्रकरण पॉज फ्रेमचं वाटतं. वायरवरच्या उपकरणाला डेटा झेपेना की ते स्विचला सांगू शकतं, "जरा थांब." याला फ्लो कंट्रोल म्हणतात आणि साध्या स्विचमध्ये बहुतेक वेळा ते चालूच असतं. एका निरोपात जास्तीत जास्त जेवढं थांबायला सांगता येतं, ते टीव्हीच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवर सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा भरतं. टीव्ही अर्धवट झोपला आणि त्याची नेटवर्कची चिप "थांब, थांब" म्हणतच राहिली, तर सेकंदाला तीन-चार निरोपही पुरतात. स्विच त्या टीव्हीसाठीचा डेटा साठवत बसतो. साठा भरला की स्विच राउटरला थांबायला सांगतो, आणि राउटरही तुंबला की वायफायवरचे मोबाइलसुद्धा अडकतात. मोरीच्या तोंडाशी बोळा बसला की पाणी घरभर होतं, तसं. वायर काढल्याबरोबर साठा मोकळा होतो, म्हणून ताईंना उत्तरं तत्काळ आली.

पण छातीठोक सांगत नाही. त्या पोर्टवरच्या फ्रेम पकडून बघितल्याशिवाय खात्री होत नाही, आणि साध्या लॅपटॉपवर त्या बऱ्याचदा दिसतच नाहीत, नेटवर्क कार्ड त्या परस्पर गिळतं.

कलमांची राखण, देवगड

आमच्याकडे कॉम्प्युटर निघाला. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली, त्यानंतर सुरू झालं. कॉम्प्युटर शटडाउन करून बघितला तरी नेट येईना, म्हणून मुलगा म्हणाला, तो नाही, दुसरं काहीतरी आहे. पण मागच्या पोर्टचा दिवा चालूच होता! कॉम्प्युटर बंद केला तरी त्या पोर्टला वीज मिळत राहते. वायर ओढली तेव्हा घर सुरळीत झालं. आता निराळं लॅन कार्ड बसवलंय आणि बोर्डावरचं बायोसमधून बंद केलंय. तेव्हा बटण बंद करून निकाल लावू नका, वायर उपटा.

नदीपलीकडे, चिपळूण

एकेक काढून माझ्याकडे उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून लिहिते. मागच्या खोलीत वायफाय पोचावं म्हणून जुना राउटर वायरने जोडला होता. त्यानंतर काही मोबाइल चालायचे, काही नाही, आणि उद्या त्यांची अदलाबदल. सगळं काढून बघितलं, जुना राउटरही काढला, तरी बंद पडलेला मोबाइल बंदच. कारण तो राउटरही आपल्या हाताने पत्ते वाटत होता, आणि मोबाइलने एकदा घेतलेला चुकीचा पत्ता तो काढल्यावरही धरून ठेवला होता. मोबाइलचं वायफाय बंद-चालू केल्यावर नवा पत्ता मिळाला आणि चाललं. जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलला, आता दोघे गुण्यागोविंदाने आहेत.

केबलवाला, रत्नागिरी

हे फार महत्त्वाचं आहे. अर्धं घर चालतंय आणि अर्धं नाही, असं असेल तर प्रत्येक वस्तू काढल्यावर मोबाइल पुन्हा जोडूनच बघायचा. दोन वस्तूंचा पत्ता एकच असेल तर दोघींपैकी कुठलीही काढली तरी सुधारतं, आणि दोष भलत्याच वस्तूवर जातो. आणि स्विचवरचे सगळे दिवे एकसारखे, न थांबता फडफडत असतील, तर एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली नाहीत ना, ते आधी बघा. पाहुण्यांच्या घरात हे होतं. मोकळी वायर दिसली की कोणीतरी ती समोरच्या भोकात खोचतं.

खाडीकाठ, दाभोळ

बरं, पण टीव्ही असा का करायला लागला? खारं काही आत गेलं असणारच.

केबलवाला, रत्नागिरी

असेलही. किंवा टीव्हीच्या सॉफ्टवेअरचा दोष असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ताई, अपडेट आलं होतं का?

सुपारीबाग, गुहागर

आठवत नाही. आणि आमच्याकडचे तीन टीव्ही एकाच मॉडेलचे आहेत, त्यातले बाकीचे दोन मुकाट चालतात. सध्या त्या टीव्हीची वायर काढून ठेवलीय. वायफायवर लावावा, तर मध्ये जांभ्याच्या दोन भिंती, चित्र अडकतं. केबलवाले दादा, स्विच बदलून उपयोग होईल का?

केबलवाला, रत्नागिरी

ज्याच्या सेटिंगच्या पानावर `Flow Control` बंद करता येतं असा स्विच घ्या आणि ते त्या पोर्टवर बंद करा. मग स्विच टीव्हीचं "थांब" ऐकणार नाही. दोष टीव्हीत राहील, पण बाकीचं घर चालू राहायला हवं. विकत घेण्याआधी कोणाचा तरी आणून एक रात्र लावून बघा, टीव्ही रिमोटने बंद करून.

सुपारीबाग, गुहागर

शाळेत एक आहे म्हणे, मागून बघते. मे महिन्यातली गर्दी उलगडली की लावेन आणि इथेच लिहीन.