रविवार संध्याकाळची धास्ती : ती नेमकी कशाची होती, हे आपल्याला कसे कळले?

धाग्याची सुरुवात

रविवारी दुपारची झोप झाली, चहा झाला, की पाच-साडेपाचच्या सुमारास पोटात गोळा येतो आणि रात्रीपर्यंत कशातच मन लागत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असणार. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळू लागली. त्या सुट्टीचा शेवटचा प्रहर असा भीतीत जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करतो. मला उपयोगी पडलेली पद्धत अशी : धास्ती जाणवली की मनात आलेले पहिले वाक्य वहीत जसेच्या तसे लिहायचे आणि सोमवारी संध्याकाळी त्याखाली प्रत्यक्षात काय घडले ते लिहायचे. ‘उद्या सोमवार आहे’ हे वाक्य पुरेसे नसते, कारण त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘त्या दोन पुरवठादारांची जीएसटीची जुळणी राहिली आहे आणि साहेब सकाळीच विचारतील’ हे वाक्य पुरेसे असते. माझी बहुतेक वाक्ये शुक्रवारी अर्धवट सोडलेल्या कामांविषयी निघाली. त्यामुळे शुक्रवारची शेवटची वीस मिनिटे मी नवे काही हाती घेत नाही. प्रत्येक अर्धवट कामापुढे सोमवारची पहिली कृती लिहून ठेवतो, म्हणजे कोणाला फोन करायचा, कोणती फाइल उघडायची, इतक्या नेमकेपणाने. माझी धास्ती त्याने बरीच उतरली, पण ती सर्वांची उतरेल असे मी म्हणत नाही. आपली धास्ती कशाची होती आणि ते कसे उमगले, हे कृपया सविस्तर लिहावे.

बँक अधिकारी, पश्चिम महाराष्ट्र

आपल्या पद्धतीने मीही वही ठेवली, पण माझी वाक्ये अर्धवट कामांची नव्हती. आमच्याकडे सोमवारी शाखा उघडण्याआधी, साडेनऊला, प्रादेशिक कार्यालयाची आढावा बैठक दूरचित्रसंवादावर होते. ठेवी किती वाढल्या, कर्जवाटप किती झाले, थकीत खाती किती, हे सगळे विचारले जाते आणि त्याची उत्तरे देताना मला कधीच भीती वाटत नाही, अगदी आकडा वाईट असला तरी. वहीत मात्र पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आली : ‘विम्याच्या पॉलिसी किती, असे विचारतील.’ पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी आलेल्या शेतकऱ्याला, त्याने न मागितलेली पॉलिसी घ्यायला लावणे मला जमत नाही, आणि जमावे असे वाटतही नाही.

हे मला आणखी एका गोष्टीने पटले. तिमाही संपत आली की धास्ती वाढायची आणि नवी तिमाही सुरू झाली की काही आठवडे ती जवळजवळ नाहीशी व्हायची, जरी कामाचा बोजा आणि शाखेतली गर्दी तीच असली तरी. पुढे बैठक सोमवारऐवजी मंगळवारी होऊ लागली, तेव्हा माझा रविवार मोकळा झाला आणि धास्ती सोमवारच्या संध्याकाळी येऊ लागली. म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीचा प्रश्न नव्हताच. त्या बैठकीतल्या एका रकान्याचा होता.

संगणक अभियंता, पुणे

मला वाटते, आपण सगळे नोकरीत उगाच दोष शोधत आहोत. हा झोपेचा प्रश्न आहे. शुक्रवारी आणि शनिवारी मी रात्री दोन-तीनपर्यंत जागा असायचो, अकराला उठायचो, रविवारी दुपारी पुन्हा झोपायचो आणि मग रात्री साडेदहाला अंथरुणावर पडून झोपेची वाट पाहायचो. झोप येत नाही, अंधारात पडून राहावे लागते, आणि अशा वेळी डोक्यात कार्यालयाशिवाय दुसरे काय येणार? आता मी रविवारी आठला उठतो, दुपारी झोपत नाही आणि चारनंतर चहा-कॉफी घेत नाही. धास्ती गेली. नोकरी तीच आहे, व्यवस्थापकही तेच आहेत. सर्वांनी आधी हे करून पाहावे आणि मगच नोकरीविषयी मत बनवावे.

समुपदेशक, नाशिक

मी काही कंपन्यांतील कर्मचाऱ्यांशी बोलण्याचे काम करते, त्यामुळे हा विषय रोजचा आहे. अभियंत्यांचे अर्धे म्हणणे अगदी खरे आहे. दोन रात्री उशिरा झोपून उशिरा उठले की शरीराचे घड्याळ मागे पडते आणि रविवारी रात्री साडेदहाला शरीराच्या हिशेबाने झोपेची वेळ झालेलीच नसते; शिवाय कॉफीतील कॅफिनचा निम्मा भाग चार-पाच तासांनंतरही रक्तात राहिलेला असू शकतो. पण यातून अंथरुणावरच्या धास्तीचा उलगडा होतो. ज्यांना रविवारी दुपारी चारलाच, उजेडात, माणसांमध्ये बसलेले असताना पोटात गोळा येतो, त्यांचा प्रश्न झोप सुधारून पूर्ण सुटेल असे मला वाटत नाही.

मी आधी विचारते, की धास्ती उतरते केव्हा? सोमवारी अकराच्या सुमारास कामात मन रमले आणि रविवारची भीती आठवेनाशी झाली, तर ती बहुधा वाट पाहण्याची भीती असते. तिथे शुक्रवारची यादी, नियमित झोप, सोमवारी सकाळी पहिल्या तासाला एखादे आवडते किंवा सोपे काम, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. सोमवारी संध्याकाळीही तीच भावना असेल आणि बुधवारीही असेल, तर नोकरीकडे नीट पाहावे लागते. दुसरे म्हणजे, आपोआप घडणारे प्रयोग वाया घालवू नयेत. वरिष्ठ रजेवर असतात तो आठवडा, एखादी जबाबदारी तात्पुरती दुसऱ्याकडे जाते तो महिना, अशा आधीच्या रविवारी काय वाटते ते जरूर लिहावे. काम तेवढेच असून साहेब नसल्यामुळे धास्ती नसेल, तर बोजा कमी करून मागण्यात अर्थ नाही. बँकेतल्या ताईंनी तिमाहीचा बदल टिपला, तो याच प्रकारचा आहे, आणि म्हणूनच मी वही एक-दोन आठवड्यांवर थांबवू नये असे सांगते. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर तीत आली पाहिजे.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवावी. उदासी सुट्टीच्या दिवशीही सकाळपासून असेल, आवडत्या गोष्टींतही गोडी उरली नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल आणि हे दोन आठवडे सलग चालले असेल, तर तो वहीचा विषय नाही. डॉक्टरांना भेटावे, टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

उत्पादन पर्यवेक्षक, भोसरी

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे माझा रविवार म्हणजे कामाचा दिवस. पण गुरुवारी संध्याकाळी मला हेच होत असे. दिवसभर थंड पडलेली सीएनसी यंत्रे शुक्रवारी पहिल्या पाळीत सुरू केली की पहिल्या तासात मापे हलतात, हवेच्या लाइनमध्ये पाणी साचलेले असते, आणि तेवढ्यात ग्राहकाची गाडी दारात उभी राहते. नाकारलेल्या मालाचा हिशेब मलाच द्यावा लागतो. मी वही वगैरे ठेवली नाही. भीती कशाची आहे हे मला माहीत होते. देखभाल विभागातील एका कामगाराला शुक्रवारी तासभर आधी बोलावण्याची परवानगी मिळवली. तो कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी काढतो, स्पिंडल रिकामे फिरवून गरम करतो, आणि पहिला नग तपासून मंजूर झाल्याशिवाय आम्ही उत्पादन सुरू करत नाही. गुरुवारची संध्याकाळ आता घरच्यांना मिळते. समुपदेशक ताईंचे बरोबर असेल, पण प्रत्येक भीती मनात शोधू नये. काही भीती यंत्रात असतात.

माध्यमिक शिक्षिका, सोलापूर

मे महिन्याच्या सुट्टीत मला ही धास्ती अजिबात नसते, म्हणून दोष शाळेचाच, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. पण मे महिन्यात शाळा नसते तसे मुलांचे डबेही नसतात, गणवेशाला इस्त्री नसते, आणि ‘उद्या चार्ट न्यायचा आहे’ हे रात्री नऊला कोणी सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच बंद होत असतील, तर कोणती कारणीभूत आहे हे कसे कळणार? कळले ते असे, की मुलांची परीक्षा संपून त्यांना सुट्टी लागली आणि मला मात्र पेपर तपासायला रोज शाळेत जायचे होते. त्या काळातले रविवार अगदी शांत गेले. मग आम्ही दोघांनी बसून कामे वाटली. भाजी निवडणे आणि इस्त्री शनिवारी सकाळी, आणि ती यांच्याकडे. रविवारी चारनंतर स्वयंपाकाखेरीज घरातले कोणतेही काम काढायचे नाही. नोकरी करणाऱ्या बायकांनी कार्यालयाला दोष देण्याआधी हा हिशेब जरूर मांडावा, असे मला कळकळीने वाटते.

मालवाहतूक कंपनीतील कर्मचारी, दुबई

इथे पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार झाली. माझी धास्ती शनिवार संध्याकाळवरून रविवार संध्याकाळवर आली. नंतर मी नोकरी बदलली. सुरुवातीचे काही महिने फार चांगले गेले आणि मग ती परत आली. यावरून दोष माझ्यातच आहे, असे समजावे का?

समुपदेशक, नाशिक

दादा, एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. नव्या जागी सुरुवातीला चुका माफ असतात आणि अवघड कामे अजून आपल्याकडे आलेली नसतात, त्यामुळे तो काळ कसोटीचा धरू नये. दोन्ही नोकऱ्यांत समान काय आहे?

मालवाहतूक कंपनीतील कर्मचारी, दुबई

दोन्हीकडे माल उशिरा पोहोचला की ग्राहकाला उत्तर मी देतो, पण जहाज कोणते, मार्ग कोणता, हे ठरवताना मला कोणी विचारत नाही. हे लिहीपर्यंत मी याकडे अशा नजरेने पाहिले नव्हते. तरी माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी हेच काम करतो आणि रविवारी निवांत क्रिकेट खेळतो, त्यामुळे सगळा दोष कामावर टाकायला मन धजत नाही.

बँक अधिकारी, पश्चिम महाराष्ट्र

पर्यवेक्षक साहेबांसारखा एक तास आधी माणूस बोलावून माझा प्रश्न सुटणारा नाही, कारण तो रकाना माझ्या हातात नाही. विभागीय व्यवस्थापकांना मी सांगितले, की थकीत वसुलीचे जास्तीचे उद्दिष्ट मला द्या आणि विम्याचे शाखेतील दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. त्यांनी ऐकून घेतले, पण शाखाप्रमुखाला कोणतेच उद्दिष्ट सोडता येत नाही, असे उत्तर मिळाले. गृहकर्जाचा हप्ता आणि मुलाचे शिक्षण पाहता राजीनाम्याचा विचार मी करत नाही. बदल्यांच्या आधी कर्ज प्रक्रिया केंद्रात जाण्यासाठी अर्ज देणार आहे. तिथे ग्राहकाला काही विकायचे नसते, फक्त प्रस्ताव तपासायचे असतात. मात्र तिथे प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत निकाली काढण्याचा दबाव असतो, असे ऐकते. शाखेतून अशा केंद्रात गेलेले कोणी हे वाचत असेल, तर आपला रविवार तिथे गेल्यावर कसा झाला, हे लिहावे. अर्ज देण्याआधी मला ते जाणून घ्यायचे आहे.